आधी पाणी घ्या

भाईंदर स्टेशनच्या पूर्वेला, वसईच्या खाडीच्या अंगाला जेसल पार्क आहे. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून जागा पुरेना म्हणून जी मराठी कुटुंबं उत्तरेकडे सरकत गेली, त्यांतली काही इथवर आली. त्यांच्या शेजारी गुजराती, मारवाडी आणि उत्तर भारतीय घरं आहेत. संध्याकाळी ही सगळी माणसं खाडीकाठच्या चौपाटीवर भेटतात आणि अनंत चतुर्दशीला तिथेच गणपती पोचवायला जातात. गाव सुटलेल्या माणसांची ही वस्ती असल्यामुळे इथे पाहुणा येतो तो लांबून येतो. शेजारच्या गावाहून सहज डोकावणारे पाहुणे इथे कमीच. कोकणातून, घाटावरून, विदर्भातून रात्रभर प्रवास करून माणसं येतात आणि दारात उभी राहतात तेव्हा त्यांच्या अंगात बोलायचंही त्राण उरलेलं नसतं.

या लेखात मला पाहुण्याच्या पहिल्या तासाबद्दलच लिहायचं आहे. पाहुणचाराची आपल्याकडे चर्चा होते ती जेवणावळीची, आग्रहाची, साडीचोळीची. पण आपण या घरी हवे आहोत की अडचण झालो आहोत, हे आलेल्या माणसाला त्याच्या कितीतरी आधी कळतं. चपला काढून तो खुर्चीवर टेकतो, तेवढ्यात काय बोललं गेलं आणि काय पुढे आलं, त्यावर पुढचे चार दिवस ठरतात.

एक उदाहरण धरून चालू. सावंतवाडीहून मावशी आणि काका निघाले आहेत, साठी ओलांडलेले. तुतारी एक्सप्रेस संध्याकाळी सावंतवाडी सोडते आणि सकाळी दादरला येते. रात्रभर बसून किंवा अर्धवट आडवं होऊन प्रवास झालेला. दादरला उतरायचं, पुलावरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला जायचं, विरारची लोकल धरायची. सकाळी मुंबईचा लोंढा दक्षिणेकडे जात असतो, त्यामुळे विरारकडच्या गाडीत बसायला जागा मिळू शकते, एवढं एक बरं. पण सोबत सामान असतं, आणि कोकणातल्या माणसाचं सामान म्हणजे नारळ, तांदूळ, कोकमं, पापड. पिशव्यांचे बंद तळहातात रुतलेले असतात. भाईंदरला उतरून पूर्वेकडचा जिना, मग रिक्षा, आणि इमारत जुन्या चार मजली बांधणीची असेल तर लिफ्ट नाही. भाचा राहतो तिसऱ्या मजल्यावर.

या घरात स्वागताची सुरुवात दारात होत नाही. ती बोरिवलीला होते. जलद लोकल असली तरी बोरिवलीनंतर ती प्रत्येक स्टेशनावर थांबते. दहिसर, मीरा रोड आणि मग भाईंदर. बोरिवली सुटली की साधारण पाव तासात माणूस भाईंदरच्या फलाटावर असतो. म्हणून पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचं, ‘बोरिवली सुटली की एक फोन करा.’ तो फोन आला की दोन कामं करायची. एक जण स्टेशनावर निघतो, आणि घरात राहिलेला गीझर लावतो. पंधरा लिटरच्या, दोन किलोवॅटच्या गीझरला आंघोळीजोगं कडकडीत पाणी करायला वीस मिनिटांच्या आसपास लागतात. पाहुणे वर येऊन टेकतात तोवर पाणी तयार. ज्या इमारतीत पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तिथे पाहुणे यायच्या दिवशी दोन बादल्या जास्तीच्या भरून ठेवाव्या लागतात. हे आदल्या रात्रीच ठरवायचं. दमलेला माणूस न्हाणीघरात शिरला आणि नळ कोरडा निघाला, तर त्याची भरपाई कुठल्याच गोड शब्दाने होत नाही.

आणायला कोणी जायचं, हाही प्रश्न असतो. नोकरीवर निघणाऱ्याला जमत नाही. मग कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी जाते. स्टेशनावर जाणं नाहीच जमलं तर निदान इमारतीच्या फाटकापाशी उभं राहावं. गावाकडे पाहुण्याला आणायला वेशीपर्यंत माणूस जायचा, त्याचं हे आजचं रूप. तीन मजले सामान घेऊन चढणं हा या प्रवासाचा सगळ्यात अवघड टप्पा आहे, कारण तो अगदी शेवटी येतो. पिशवी हातातून काढून घेताना ‘द्या इकडे’ एवढंच म्हणावं. ‘देता का पिशवी?’ असं विचारलं की काका म्हणणार, ‘असू दे, हलकी आहे.’ आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्यांना धाप लागणार.

आता दार. इथे पहिलं वाक्य कुणाचं असावं, तर घरातल्या मोठ्या माणसाचं. या घरात सासूबाई आहेत, मावशीची सख्खी बहीण. ती म्हणते, ‘इलंस गे? बस आदी.’ सून म्हणते, ‘या मावशी, या काका. बसा.’ काकांना जवळची खुर्ची पुढे करते. शेजारच्या गुजराती घरात ‘आवो, बेसो’ म्हणतात, मारवाड्यांकडे ‘पधारो’. शब्द वेगळे, पण सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. पहिल्या वाक्यात प्रश्न असलाच तर त्याचं उत्तर द्यावं लागत नाही. ‘इलंस गे?’ याला कोणी ‘हो, आले’ म्हणत नाही. दमलेल्या माणसाकडून काही मागायचं नाही, उत्तरसुद्धा नाही, अशी ही जुनी समज आहे आणि ती मला फार शहाणपणाची वाटते.

याउलट, घरात प्रेम असूनही दारात काय काय बोललं जातं ते बघा. ‘किती उशीर केलात!’ उशीर गाडीने केला, पण अपराधी वाटतं मावशीला. ‘केवढी वाळलीस गं!’ रात्रभर न झोपलेल्या बाईचा चेहरा उतरलेलाच असणार, तो तिला दाखवून काय मिळवायचं? ‘किती दिवस आहात?’ हा प्रश्न कदाचित गॅस आणि दुधाच्या हिशेबाने निघाला असेल, पण उंबऱ्यात तो परतीच्या तिकिटाचा प्रश्न होऊन बसतो. ‘एवढं सामान कशाला आणलंत?’ हे तर आपण कौतुकाने म्हणतो. ज्यांनी ते ओझं पाचशे किलोमीटर वाहून आणलं त्यांना ते फुकट गेल्यासारखं वाटतं. पिशवी उघडून नारळाला हात लावावा, ‘घरचे ना?’ म्हणावं. थकलेल्या चेहऱ्यावर पहिलं हसू तिथे येतं.

वाईट बातमी दारात द्यायची नाही, हा आपल्याकडचा पक्का नियम. कोणी बोलायला लागलं की घरातलं वडीलधारं माणूस अडवतं, ‘अगं, पाणी तरी पिऊ दे त्यांना आधी.’ आजारपण, भांडण, गेलेलं माणूस, जे काही असेल ते पाण्यानंतर. येण्याचं कारण विचारायचं तेही चहा झाल्यावर.

पाणी. जुन्या घरात दारातच पाय धुवायला तांब्या मिळायचा आणि ओटीवर आल्यावर गुळाचा खडा आणि पाणी. धुळीच्या रस्त्याने पायी किंवा बैलगाडीने आलेल्या माणसासाठी ती रीत होती. जेसल पार्कातल्या फ्लॅटमध्ये ओटी नाही, दारात पाय धुवायची सोय नाही, पण कारणं अजून तीच आहेत. लांबच्या प्रवासात माणसं, विशेषतः बायका, मुद्दाम पाणी कमी पितात. गाडीतल्या संडासात जायचं टाळायचं असतं, बस तर थांबेल तिथे सोय असेल याची खात्री नसते. रात्रभर घसा कोरडा ठेवून आलेल्या बाईला पहिली गरज दोन गोष्टींची असते, पाण्याची आणि न्हाणीघराची. पाणी आपण देतो. दुसरी गोष्ट मात्र तिला स्वतःहून विचारावी लागते, आणि दिवाणखान्यात घरचे पुरुष बसलेले असताना ती विचारत नाही. काकांनाही प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्यांचीही तीच गत. म्हणून पाण्याचा पेला हातात देतानाच सुनेने म्हणावं, ‘मावशी, बाथरूम इकडे डावीकडे. दिवा बाहेर आहे, टॉवेल आत ठेवलाय. हातपाय धुऊन घ्या.’ एवढ्या एका वाक्याने जो मोकळेपणा येतो तो तासभराच्या गप्पांनी येत नाही. दिव्याचं बटण कुठे, गरम पाण्याचा नळ कुठला, कडी अडकते का, हे सगळं सांगून टाकायचं. परक्या घरातल्या नळाशी झगडत बसणं हा दमलेल्या माणसाचा छळ आहे.

पाणी फ्रिजमधलं की माठातलं, हेही विचारण्यापेक्षा साधं पाणी पुढे करावं आणि फ्रिजची बाटली शेजारी ठेवावी. मे महिन्यात घामाने निथळून आलेल्याला नुसत्या पाण्यापेक्षा लिंबाचं सरबत बरं. पेल्याला दोन चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालावं. घामातून मीठ गेलेलं असतं, आणि साखर नि मीठ एकत्र पोटात गेलं की आतडं पाणी लवकर ओढून घेतं. कोकणातल्या घरी कोकमाचं आगळ असतंच, त्यात मीठ मुळातच घातलेलं असतं. गुळाच्या खड्याने जीभ ओली होते आणि रिकाम्या पोटाला थोडा आधार मिळतो.

दमलेल्या पाहुण्याला काय आधी आणि काय नंतर द्यायचं, याचा क्रम आपण फार पूर्वीच लावून ठेवलेला आहे. घरोघरी गणपतीची जी षोडशोपचार पूजा होते, तिचा क्रम आठवून बघा. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र. म्हणजे ये म्हणणं, बसायला देणं, पायांवर पाणी, हातांवर पाणी, प्यायला पाणी, आंघोळ, धुतलेले कपडे. नैवेद्य फार मागून, बहुतेक पूजांत तेराव्या जागी येतो. देवाला आपण लांबून आलेला पाहुणा समजून वागवतो, आणि त्याला आल्या आल्या ताटावर बसवत नाही. लग्नात नवऱ्या मुलाचे पाय धुऊन त्याला दही-मधाचा मधुपर्क देतात, त्यातही पाणी आधी आणि खाणं नंतर. आपल्या घरातला पाहुणचार बिघडतो तो बहुधा इथेच. आपण तिसऱ्या मिनिटाला पोह्यांची बशी हातात देतो, आणि काळवंडलेल्या हातांनी, आंबलेल्या अंगाने माणूस ती संकोचून खातो.

या क्रमाला एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवायलाच हवा. काकांना मधुमेह आहे, ते इन्शुलिन घेतात किंवा साखर उतरवणारी गोळी घेतात, आणि गाडीला उशीर झाल्यामुळे नाश्ता राहिला आहे. अशा माणसाला आंघोळीला पाठवू नये. त्याला आधी खायला द्यावं. ‘काका, औषध कधीचं? खायला आधी वाढू?’ हे सरळ विचारावं, त्यात भीड नको. गुळाने साखर वाढतेच, त्यामुळे एरवी त्यांना गुळाचा आग्रह करायचा नाही. पण हात थरथरतायत, थंड घाम आलाय, बोलणं अडखळतंय, माणूस उगाच चिडतोय, असं दिसलं तर तो थकवा नव्हे. रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तेव्हा मात्र तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पाव तासाने बरं वाटलं की खायला द्यावं. गुंगी येत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नये, डॉक्टर गाठावा.

चहाकडे वळू. ‘चहा घेणार का?’ असं विचारलं की मराठी माणूस पहिल्यांदा नाही म्हणतो. ‘नको, आत्ताच दादरला झाला.’ हा नकार चहाला नसतो. यजमानाला त्रास नको, म्हणून केलेली ती सुरुवात असते, आणि यजमानाने पुन्हा म्हणायचं, मग पाहुण्याने ‘बरं, अर्धा कप’ म्हणायचं, असा तो ठरलेला व्यवहार असतो. रिकामटेकड्या दुपारी त्यात गोडवा आहे. रात्रभर जागून आलेल्या माणसाला मात्र तो झेपत नाही. पहिल्या नकारावर यजमान थांबला तर चहा बुडतो. चौथ्यांदा आग्रह झाला तर जीव नकोसा होतो. म्हणून नेमक्या या वेळेला प्रश्न विचारू नये, सांगावं. ‘चहा टाकलाय. तुम्ही हातपाय धुऊन या.’ काकांना बिनसाखरेचा हे माहीत असेल तर ‘तुमचा बिनसाखरेचा वेगळा ठेवलाय.’ निवड द्यायचीच तर दोनांतली द्यावी. ‘आलं घालू की साधाच?’ ‘आधी आंघोळ की आधी चहा?’ याचं उत्तर देताना कोणाला भिडेने नाही म्हणावं लागत नाही.

खरा नकार ओळखायचा कसा? माझा अनुभव असा की खरा नकार कारणासकट येतो आणि दुसऱ्यांदा तोच येतो. ‘पोटात मळमळतंय, आत्ता काही नको.’ पनवेलपर्यंत घाटवळणांतून बसने आलेल्यांना हे फार होतं. तिथे थांबावं. पाणी नि आल्याचा तुकडा जवळ ठेवावा, आणि ‘झाकून ठेवते, तुम्हाला हवं तेव्हा सांगा’ म्हणावं. भिडेचा नकार बिनकारणाचा असतो, आणि तो देताना माणूस स्वयंपाकघराकडे बघत असतो. एकदा पुन्हा म्हणावं. दोनदा नाही आलं की विषय सोडावा.

आंघोळ झाल्यावर जेवायला काय? पाहुण्याच्या मानासाठी पुरी-श्रीखंडाचा बेत पहिल्याच सकाळी घालणारी घरं आहेत. मला ते पटत नाही. रात्रभराची जाग, हलणारी गाडी आणि डब्यातलं खाणं यांनी पोट आधीच नाराज असतं. मऊ भात, मेतकूट आणि तूप, किंवा भाकरी नि पिठलं, किंवा मालवणी घरात पेज आणि लोणचं, हेच अंगाला लागतं. यालाही आपल्याकडे मोठा आधार आहे. ज्येष्ठागौरी येतात त्या पहिल्या दिवशी, आवाहनाच्या दिवशी, पुष्कळ घरांत त्यांना भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, बऱ्याच ठिकाणी शेपूची भाजी. पुरणपोळी आणि पक्वान्नं दुसऱ्या दिवशी. ही माहेरवाशीण लांबून दमून आली आहे, आज तिला हलकं खाऊ दे, थाटमाट उद्या, असा मी त्याचा अर्थ लावते. तीच रीत हाडामासाच्या माहेरवाशिणीला का लावू नये? मटण, मासे, श्रीखंड उद्या दुपारी.

मग झोप. हीच गोष्ट आपण पाहुण्यांना सगळ्यात कमी देतो. जेवण झालं की शेजारीण येते, मुलं शाळेतून येतात, व्हिडिओ कॉलवर गावाकडची मंडळी येतात, आणि मावशी डोळे ताणून हसत बसते. वन-रूम-किचनमध्ये वेगळी खोली नसते हे खरं. पण दोन तास टीव्ही बंद ठेवता येतो, पडदा ओढता येतो, पलंग मोकळा करता येतो. ‘पडा जरा’ असं नुसतं म्हटलं की पाहुणा ‘नाही, नाही, मी बरी आहे’ म्हणतो. गादी घातलेली दिसली, उशाला पाण्याचा तांब्या नि मोबाईलचा चार्जर ठेवलेला दिसला की तो न बोलता आडवा होतो. पायाखाली एक उशी द्यावी. रात्रभर पाय लोंबकळत बसल्याने घोटे सुजतात, पाय उंच ठेवले की काही तासांत ती सूज उतरते.

न उतरणाऱ्या सुजेकडे मात्र लक्ष हवं. चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसून केलेल्या प्रवासाने पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, मग तो प्रवास विमानाचा असो, गाडीचा किंवा बसचा. एकूणात हे क्वचितच होतं, आणि झालंच तर कधी कधी पोचल्यानंतर काही दिवसांनी. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर तो बहुधा प्रवासाचा शीण. एकच पाय सुजलाय, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, तर तेल चोळत बसू नये. पाय दाबून तर मुळीच देऊ नयेत, जरी सुनेने सासरच्या माणसांचे पाय चेपण्याची कितीही जुनी रीत असली तरी. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर वाट न पाहता इस्पितळात न्यावं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज आलेली असेल. रात्रीच्या गाडीने भाऊ येईल, किंवा बहीण मुलांना घेऊन येईल, आणि घरात ओवाळणीचं ताट सजवून सगळे वाट बघत असतील. माझी एवढीच विनंती आहे. ते ताट तासभर थांबू द्या. आलेल्याच्या हातातली पिशवी घ्या, त्याला बसवा, पाणी द्या, न्हाणीघर दाखवा. आंघोळ करून, दोन घास खाऊन तो पाटावर बसला की मग निरांजन लावा.